पहिली-दुसरीच्या गॅदरिंगला कोणतं गाणं घ्यावं? (मागच्या वर्षी फजिती झाली आहे)

कापसाची_वात
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिली ते चौथी, पट २७, शिक्षक दोन. २५ जानेवारीला संध्याकाळी गॅदरिंग आहे. तिसरी-चौथीचं लेझीम आणि एक देशभक्तीचं गाणं ठरलं. प्रश्न पहिली-दुसरीच्या बारा लेकरांचा आहे.

मागच्या वर्षी काय झालं ते सांगते, म्हणजे मी इतकी घाबरून का विचारून राहिले ते कळेल. गावातल्या पोरांनी सुचवलेलं एक गाणं घेतलं होतं. ध्रुवपद साधं होतं, पाऊस, मोर वगैरे. दुसऱ्या कडव्यात नको त्या ओळी होत्या, म्हणून मी मोबाइलवर तेवढा भाग कापून त्यावरच सराव घेतला. कार्यक्रमाच्या दिवशी साउंडवाल्या दादाला गाण्याचं फक्त नाव सांगितलं. त्याने त्याच्याजवळचं रिमिक्स लावलं. लेकरं पहिलं कडवं नाचली, आणि मग ते दुसरं कडवं सुरू झालं. समोर सरपंच, म्हाताऱ्या बाया, सगळे. पोट्टे बिचारे थांबले नाहीत, तेच हातवारे करत राहिले आणि ते शब्दांशी असे काही जुळले की मागची तरणी पोरं शिट्ट्या मारायला लागली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

यंदा मला असं गाणं पाहिजे की पूर्ण वाजलं तरी लाज वाटणार नाही. पण पालकांना "बोअर" पण नाही झालं पाहिजे. सुचवा.

बाबूराव_दिग्रसकर
ताई, सोपं आहे. सिनेमाची गाणीच बंद करा. जुनं ते सोनं. आपली भुलाबाईची गाणी घ्या, लोकगीतं घ्या. त्यात वावगं काही नसते. हे डीजे आल्यापासूनच वाटोळं झालं.

मेघा_वाशीम
माझी मुलगी नर्सरीत आहे, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. तिच्या शाळेने परीचा ड्रेस भाड्याने आणायला सांगितला आहे. पंख तुटले तर डिपॉझिट कापतात का? कोणी घेतला आहे का असा ड्रेस?

झाडीवाला
मेघाताई, हा धागा गाण्याचा आहे, पण सांगतो. घेतानाच दुकानात उभं राहून पंखाचे फोटो काढून ठेवा. अर्धे पंख आधीच तुटलेले असतात.

पेटीमास्तर
कापसाची_वात ताई, मी ३४ वर्षं प्राथमिक शाळेवर होतो आणि दरवर्षी पेटी घेऊन बसलो. तुमच्या फजितीत दोन चुका आहेत. साउंडवाल्याला नाव सांगितलं ही लहान चूक. गाणं कापून घेतलं ही मोठी. जे गाणं कापावं लागते ते मुळात आपलं नव्हतंच. शाळेत कापलं तरी लेकरू घरी जाऊन पूर्णच ऐकते, कारण आता ते "त्याचं" गाणं झालेलं असते.

मी गाणं निवडताना अश्लील शब्द शोधत बसत नसे. ते शोधायला गेलं की माणूस फक्त चार शब्दांवर नजर ठेवते आणि बाकीचं सुटते. मी एकच प्रश्न विचारत असे, या गाण्यातला "मी" कोण आहे? गाणं कागदावर पूर्ण उतरवून घ्यायचं, सगळी कडवी, मधली बोललेली वाक्यंसुद्धा. मग जिथं जिथं मी, माझा, मला येते तिथं खूण करायची आणि पाहायचं की हे बोलणारं माणूस किती वर्षांचं आहे, कोणाला बोलून राहिलं. तो "मी" जर प्रियकराची वाट पाहणारी बाई असेल, दारू प्यालेला माणूस असेल, नवरी असेल, तर एकही शब्द वाईट नसला तरी ते गाणं सात वर्षांच्या लेकराचं नाही.

आणि बाबूराव, रागावू नका, पण भुलाबाईच्या गाण्यांचं तुमचं म्हणणं अर्धंच खरं आहे. तीच कसोटी लावून पाहा. त्यातल्या किती गाण्यांतला "मी" सासुरवाशीण आहे? सासू माहेरी जाऊ देत नाही, नणंद चहाडी करते, नवरा मारते. त्या बायांचं दुःख खरं होतं, म्हणून ती गाणी टिकली. पण दुसरीच्या पोरीला पदर घेऊन सासूच्या नावानं रडायला लावायचं काहून? भुलाबाईतली खिरापत ओळखायची गाणी घ्या, ती चालतात. तिथं "मी" म्हणजे डब्यात काय आहे ते ओळखणारं पोर असते.

बाबूराव_दिग्रसकर
मास्तर, आमच्या आईनं तीच गाणी म्हटली, आम्ही काही बिघडलो नाही.

पेटीमास्तर
म्हटली ना, अंगणात, बायाबायांत. स्टेजवर माइक लावून टाळ्यांसाठी नाही. फरक आहे.

स्वाती_अचलपूर
आमच्या गावात तर लावणी म्हटली की पालक उठून जातात. मीसुद्धा म्हणते, शाळेत लावणी नकोच, तो प्रकारच वाईट.

पेटीमास्तर
प्रकार वाईट नाही ताई. भेदिक लावणी ऐकली का कधी? त्यात कोडी असतात, सवाल-जवाब असतात. शृंगाराची लावणी मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसाठी केलेली आहे आणि तिथं ती देखणीच आहे. पहिलीच्या पोरीला नऊवारी नेसवून ती करायला लावली की लावणीचंही हसं होते आणि पोरीचंही.

डीजे_गोलू_वणी
मी साउंडचंच काम करतो. ताईंनी सांगितलं तसं आमच्याकडून होते, कबूल. एका रात्री वीस-वीस गाणी असतात, प्रत्येकजण नुसतं नाव सांगून जाते. एकाच नावाची पाच-सहा व्हर्जन असतात हो. तुम्ही पेनड्राइव्हवर स्वतःची फाइल द्या आणि फाइलच्या नावात आधी क्रमांक टाका, मग वर्ग, मग गाणं. `04_पहिली_दुसरी_गाण्याचं_नाव.mp3` असं. मोबाइलवरून लावत असाल तर फ्लाइट मोड करा. एका शाळेत गाण्याच्या मधातच फोन आला आणि स्पीकरवर रिंगटोन वाजली. यूट्यूबवरून थेट तर लावूच नका, मधात जाहिरात येते. आणि ऐकून पाहायचं ते शेवटपर्यंत. लोक पहिले तीस सेकंद ऐकतात आणि म्हणतात, हाव, हेच.

अजून एक, रात्री दहाच्या आत उरकवा. दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आमचा डब्बा जप्त होते.

अ‍ॅडव्होकेट_काका
सिनेमाचं गाणं शाळेत वाजवलं तर लायसन्स लागते. कॉपीराइटचा भंग आहे. शाळेवर केस होऊ शकते, सावध राहा.

निलेश_पुसद
काका, पूर्ण तसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळेच्या कार्यक्रमाला सूट आहे. सादर करणारे शिक्षक-विद्यार्थी आणि बघणारे शाळेतले लोक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं, एवढ्यापुरतं असेल तर भंग धरत नाहीत. पण तोच व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की ती सूट सोबत येत नाही. बरेचदा आवाज बंद होते किंवा क्लेम येते.

अ‍ॅडव्होकेट_काका
पण खेड्यात अख्खा गाव येते. ज्याचं लेकरू शाळेत नाही तोही येते. मग तो "संबंधित" कसा?

निलेश_पुसद
त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती हे संबंधितच म्हणायचे. पारावरून उठून आलेला माणूस कोणत्या खात्यात धरायचा ते तुम्हीच सांगा, वकील तुम्ही.

शेतकरीपुत्र_राळेगाव
ताई, नाचगाणं कशाला? आपल्या भागाचं वास्तव दाखवा. शेतकरी आत्महत्येवर गाणं घ्या. एक पोरगा फाशीचा दोर घेते, बाकीचे त्याच्याभोवती रडतात. आमच्या गावात केलं होतं, लोक ढसाढसा रडले. पहिला नंबर आला.

कापसाची_वात
दादा, तुमची भावना कळते. पण माझ्या त्या बारा लेकरांत एका लेकराचे वडील तसेच गेले आहेत. ते दुसरीत आहे. ते मंचावर असेल, आणि नसलं तरी समोर बसून पाहील.

शेतकरीपुत्र_राळेगाव
हे लक्षात नव्हतं आलं. चुकलं माझं.

पेटीमास्तर
इथं मला माझीच कसोटी अपुरी वाटते हे कबूल करतो. त्या गाण्यातला "मी" कदाचित शेतकऱ्याचं पोरगंच असेल, वय बरोबर बसेल. तरी गाणं चालत नाही. म्हणजे दुसरा प्रश्नही विचारला पाहिजे की माझ्या वर्गातल्या कोणत्या लेकराला हे गाणं टोचेल. तो प्रश्न नेटवर कोणाला विचारून भागत नाही, तो वर्गशिक्षकालाच ठाऊक असते. नुसत्या आई-बाबांच्या लाडाच्या गाण्यातही हा खड्डा असते.

झाडीवाला
मी गडचिरोलीकडे एका आश्रमशाळेवर आहे. आमच्याकडचा प्रश्न वेगळा. पहिलीतली लेकरं घरी माडिया बोलतात. मराठी गाण्याचे शब्द त्यांना कळत नाहीत, हात मात्र बरोबर हलवतात. मग ते गाणं त्यांना "योग्य" कसं म्हणायचं? आम्ही रेला नाच घेतो. हातात हात, गोल, पावलं सगळ्यांना येतात, शिकवावं लागत नाही. पण मी आधी गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारतो, हे गाणं कधी म्हणतात? काही गाणी लग्नाची, काही सणाची असतात, ती कुठंही म्हणत नाहीत.

आणि हात जोडून सांगतो, दुसऱ्या शाळांनी कमरेला पानं बांधून, तोंडाला रंग फासून, "हुर्र हुर्र" करत "आदिवासी नृत्य" बसवणं बंद करा. आमची लेकरं तालुक्याच्या स्पर्धेत ते पाहतात. घरी येऊन विचारतात, सर, हे कोण होते?

स्वाती_अचलपूर
खरं आहे. मेळघाटात कोरकू नाच प्रत्यक्ष पाहिला तेव्हा कळलं की स्टेजवरच्याशी त्याचा काही संबंध नाही. आमच्या शाळेनेही पानंच बांधली होती.

कापसाची_वात
मास्तर, कसोटी पटली. काल तिसरी-चौथीच्या पोरींना घेऊन सहा गाणी कागदावर उतरवली. पाच बाद झाली. एकात तर नवरी होती आणि मला चार वर्षं ते गाणं "छान" वाटत होतं. उरलेलं एक इतकं भराभर आहे की लेकरांना धाप लागते. आता काय करू? स्वतः लिहू का? मला कविता जमत नाही.

पेटीमास्तर
आधी चाल किती भराभर आहे ते मोजा. पंधरा सेकंद घड्याळ लावा आणि गाण्याच्या ठोक्यावर टाळ्या वाजवा. चोवीस टाळ्या आल्या तर मिनिटाला ९६ ठोके. पहिली-दुसरीला एवढंच पुरते. डीजेच्या गाण्यात बत्तीसच्या वर जातात, तिथं लेकरू हात अर्धाच उचलते आणि पुढचा ठोका येऊन जाते. मग ते शेजारच्याकडे पाहू लागते. सगळी रांग एकमेकांकडे पाहू लागली की समजायचं, गाणं पळून राहिलं.

९६ च्या चालीत आठ ठोक्यांना बरोबर पाच सेकंद लागतात. दोन मिनिटांत असे चोवीस "आठ" बसतात. लहानांना दोन मिनिटांच्या वर नेऊ नका.

माझं एक जुनं गाणं आहे, तान्ह्या पोळ्याचं. मीच रचलेलं, शाळेसाठी कोणीही घ्या. एक ओळ म्हणजे एक आठ.

माझा नंदी लाकडाचा, चाकावरती चाले
घुंगुर वाजे छुन छुन छुन छुन, शेपुट मागे हाले
दोरी धरुनी ओढत नेता, मागे मागे येई
गल्ली सारी फिरुनी होता, दारी थांबुन राही

लाल रंगली दोन्ही शिंगे, पाठीवरती झूल
कपाळावरी टिकली मोठी, कानामागे फूल
कडबा नाही, ढेपही नाही, भूक न त्याला लागे
आजी म्हणते, असाच बैल बाबा हळूच मागे

चाक निघाले, नंदी पडला, हसले सारे गाव
खिळा ठोकुनी पुन्हा निघाला, धाव नंदिबा धाव
दारोदारी बोजारा मग, सारे मिळून वाटू
नंदी नाही ज्याच्यापाशी, त्याला आधी गाठू

कापसाची_वात
मास्तर! हे आमच्या लेकरांचंच आहे. बोजारा शब्द कोणत्याच पुस्तकातल्या गाण्यात पाहिला नव्हता. फक्त एक, आजीच्या ओळीत "बाबा" आहे.

पेटीमास्तर
पाहा, वर मीच लिहिलं आणि माझ्याच गाण्यात ते राहिलं. "आबा" करा. "आजी म्हणते, असाच बैल आबा हळूच मागे." मात्रा तेवढ्याच आहेत, आणि आजी-आबाची थट्टा जास्त शोभते.

बाबूराव_दिग्रसकर
जानेवारीत पोळ्याचं गाणं? पोळा श्रावण अमावास्येला.

झाडीवाला
बाबूराव, लेकराचा नंदी वर्षभर घरातच असते. माळ्यावरून काढायचा फक्त.

कापसाची_वात
मास्तर, आता बसवायचं कसं तेही सांगा. माझ्याजवळ बारा लेकरं, त्यातली तीन जण ठोका धरत नाहीत.

पेटीमास्तर
चोवीस आठ असे वाटा. सुरुवातीला नुसती ढोलकी चार आठ, त्यात लेकरं दोन्हीकडून सहा-सहा येऊन उभी राहतात. ध्रुवपद चार आठ. पहिलं कडवं चार. ध्रुवपदाच्या पहिल्या दोन ओळी, दोन आठ. दुसरं कडवं चार. पुन्हा त्या दोन ओळी, दोन आठ. शेवटी ढोलकी चार आठ, नंदी ओढत बाहेर. झाले चोवीस.

हालचाली एकूण पाचच. दोरी ओढणं, शेपूट हलवणं, डोक्यावर दोन बोटांची शिंगं, बसकण मारून पडणं आणि ओंजळ पुढं करणं. प्रत्येक हालचाल पूर्ण आठभर तीच. नाचाच्या बाया येतात आणि प्रत्येक दोन ठोक्यांना नवीन हात शिकवतात, ते मोठ्यांचं. जागा बदलायची ती फक्त ढोलकीवर, शब्द चालू असताना कोणीच चालायचं नाही.

शिकवताना तुम्ही लेकरांकडे तोंड करून उभ्या राहाल. तेव्हा तोंडाने "उजवा हात" म्हणा आणि स्वतःचा डावा उचला. आरशासारखं. हे न केल्यानं अर्धी शाळा उलटी नाचते आणि मास्तर लेकरांवर ओरडते.

ठोका न धरणाऱ्या तिघांना मागं लपवू नका. "चाक निघाले"च्या ओळीला पडणारे तेच करा. पडायला ताल लागत नाही, आणि सगळ्यात जास्त हशा तिथंच येते.

डीजे_गोलू_वणी
मास्तर भारी. ताई, गाणं रेकॉर्ड करायचं तर वर्गात पंखा बंद करून करा, मोबाइल ढोलकीपासून दूर आणि गाणाऱ्या पोरींजवळ ठेवा. नाहीतर नुसती ढोलकीच ऐकू येते. फाइल पाठवा, आवाज समान करून देतो, पैसे नको.

स्वाती_अचलपूर
कपडे काय?

कापसाची_वात
शाळेचा गणवेश आणि डोक्याला एक रुमाल. भाड्याचं काही नाही. इथं कापूस वेचायचे दिवस आहेत, आयांना तालुक्याला जाऊन ड्रेस आणायला सवड नाही.

कापसाची_वात
सात दिवसांनी परत आले. चौथीच्या पोरींनी गाणं म्हटलं, आमच्या दुसऱ्या सरांनी ढोलकी धरली. पहिल्यांदा मोजलं तर पंधरा सेकंदांत एकोणतीस टाळ्या. सर जोशात येतात. आता त्यांच्यासमोर घड्याळ टांगलं आहे, पंचवीसवर आले. नऊ घरांतून लाकडी नंदी निघाले, तीन लेकरांजवळ नाहीत. "त्याला आधी गाठू" या ओळीला बाकीची लेकरं आपली दोरी त्या तिघांच्या हातात देतात. हे मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच सुरू केलं.

अडचण एक उरली. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दोन आयांनी सांगितलं, मॅडम, हे बालवाडीसारखं वाटते, शेजारच्या गावच्या शाळेत डीजेचं गाणं आहे, आमच्या पोरींनीच काय पाप केलं? एकीने तर पोरीसाठी चमकीचा घागरा आणूनही ठेवला आहे, मजुरीच्या पैशातून. तिला काय सांगू?

बाबूराव_दिग्रसकर
सांगायचं काय त्यात? नाही म्हणजे नाही.

पेटीमास्तर
मला अशा वेळी कधीच नीट उत्तर सुचलं नाही. एका वर्षी मी घागरा घालू दिला आणि गाणं तेच ठेवलं. एका वर्षी नाही म्हटलं, तर ती पोरगी गॅदरिंगला आलीच नाही.

मेघा_वाशीम
घालू द्या ना ताई, नंदीच्या गाण्यात चमकीचा घागरा. बैलाला झूल चालते तर पोरीला काहून नाही? (आणि पंखाचे फोटो काढले, एक आधीच तुटलेला होता.)

कापसाची_वात
उद्या तिच्या आईला बोलावलं आहे, वेचणीवरून आल्यावर. सात वाजता येते म्हणाली.